दूरस्थ आप्तांसह पूजा : गुरुजींना काय कळवावे?

पवारांच्या बरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेली मराठी घराणी धार आणि देवास येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. परंतु त्याच घरांतील लेकीसुना, मुले आज न्यू जर्सी, लंडन अशी दूरदूर पांगली आहेत. 2020 च्या टाळेबंदीपासून घरची पूजा त्यांना पडद्यावर दाखविण्याची रीत रुळली, आणि संकेतस्थळावरून गुरुजी ठरविणेही सोपे झाले. तथापि गुरुजींना आधी काय सांगावे याचा उलगडा अनेकांस होत नाही. म्हणून या विषयाची थोडी फोड आम्ही येथे करीत आहोत.

पहिला प्रश्न असा की, पूजा मांडली कोठे जाणार? देवासच्या घरी चौरंग मांडून परदेशची मंडळी सामील होणार, की मुलगी तिकडे स्वतःच्या घरी पूजा मांडून येथील गुरुजींचे नुसते मंत्र घेणार? पहिल्या प्रकारात संकल्पातील देश आणि तिथी देवासची; दुसऱ्या प्रकारात मुलगी बसली असेल त्या गावची. तिकडच्या सूर्योदयाप्रमाणे तिथी कधी कधी वेगळ्या तारखेस पडते. तेव्हा हे प्रथमच स्पष्ट करावे.

आता एक उदाहरण घेऊ. देवासला राहणाऱ्या एका गृहस्थांचा पंचाहत्तरावा वाढदिवस तिथीने माघ वद्य पंचमीस येतो. त्या दिवशी सायंकाळी घरी सत्यनारायण करावयाचा आहे. मुलगी न्यू जर्सीस, मुलगा लंडनला.

येथे माळव्यातील विशेष अडचण उद्भवते. आपला महिना अमावास्येला संपतो; येथील पुष्कळ स्थानिक पंचांगांत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोहोंचे नाव एकच असते, परंतु वद्य पक्षात एका महिन्याचे अंतर पडते. आपली माघ वद्य पंचमी ती त्यांची फाल्गुन कृष्ण पंचमी. संकेतस्थळावर नुसते ‘माघ कृष्ण पंचमी’ लिहिले आणि गुरुजी स्थानिक रीतीचे असले, तर ते एक महिना अगोदरची तारीख धरतील. यासाठी तिथीबरोबर इंग्रजी तारीखही लिहावी आणि गुरुजींकडून तीच तारीख परत वदवून घ्यावी. त्यांनी सांगितलेली तारीख महिनाभर अलीकडची निघाली, तर चूक नेमकी येथेच आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट वेळेची. त्या दिवसांत अमेरिकेत व इंग्लंडात हिवाळी वेळ चालू असते. देवासला सायंकाळी 7 वाजता न्यू जर्सीस सकाळचे साडेआठ, तर लंडनला दुपारचा दीड वाजलेला असतो. मार्चमध्ये तेथील घड्याळे एक तास पुढे गेल्यावर हेच अनुक्रमे साडेनऊ आणि अडीच होतात; म्हणून मागील पूजेची वेळ तशीच उचलू नये.

तिसरी गोष्ट संकल्पाची. यजमान येथेच बसलेले असल्यास ते स्वतःसाठी ‘करिष्ये’ म्हणतात. मुलीच्या वतीने गुरुजीच पूजा करणार असतील, तर फळ दुसऱ्यास म्हणून ‘करिष्यामि’ म्हणण्याची रीत आहे. मुलांची नावे आणि गोत्रे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गुरुजींपुढे ठेवावीत; विवाहित मुलीचे गोत्र सासरचे, हे ध्यानात असावे. संकल्पाच्या वेळी मुलांनीही तिकडे ताम्हन, पळी व अक्षता जवळ ठेवून पाणी सोडावे. प्रसादासाठी रवा, तूप, साखर सव्वा मापाने घेऊन तेथेच शिरा करावा. मग कथेअंती नैवेद्य दोन्हीकडे एकदमच दाखविता येतो.

राहता राहिले यंत्र. मुलांना भाग घ्यावयाचा असेल, तर दोन्हीकडून बोलता येईल असा दृश्य-संभाषणाचा मार्ग घ्यावा. यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. गुरुजींनी ‘पाणी सोडा’ म्हटल्यावर ते उशिरा ऐकू येते. तो मार्ग केवळ पाहणाऱ्या आप्तांसाठी ठेवावा. झूमच्या बिनपैशाच्या सोयीत सभा 40 मिनिटांनी तुटते, आणि पाच अध्यायांची कथा धरून पूजेस दीड-दोन तास लागतात.

आणखी एक. ही यंत्रे घंटेचा नाद व संथ मंत्रघोष गोंगाट समजून दाबून टाकतात. पलीकडे ओठ हलताना दिसतात, पण स्वर तुटक येतो, ही त्याची खूण. झूममध्ये ‘Original sound for musicians’ ही सोय चालू केली म्हणजे आवाज पुष्कळ सुधारतो. आरती मात्र दोन्हीकडून एकसुरात जमत नाही, कारण आवाज पोहोचण्यास वेळ लागतो. परदेशच्या मंडळींनी आपला आवाज बंद ठेवून येथील आरतीबरोबर म्हणावे. शेवटी आवाज उघडून वडिलांना नमस्कार सांगावा.