परदेशी निघालेल्या माणसाची भेट-पेटी: आधी खसखस बाहेर काढा

रत्नागिरीत खाऊचं दुकान किंवा घरगुती उद्योग असेल, तर हे गिऱ्हाईक तुमच्याकडे येतंच. "ह्यांना परवा सौदीला निघायचंय", "भाऊ बोटीवर जॉईन होतोय, काहीतरी छान बांधून द्या." आपण प्रेमाने डिंकाचे लाडू, करंज्या, अनारसे आणि घरचा मसाला बांधतो. या चारही गोष्टींत बहुतेक वेळा खसखस असते.

खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण यूएई आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली प्रवाशाला अटकसुद्धा होऊ शकते. "घरच्यांनी भरून दिलं" हे कारण तिथे चालेलच असं नाही. बोटीवाल्यालाही हे लागू आहे, कारण तो विमानाने फुजैरासारख्या बंदराच्या गावी जातो आणि मग बोट पकडतो.

म्हणून परदेशी ऑर्डरचा माल वेगळा करा. लाडवात आणि मसाल्यात खसखशीऐवजी पांढरे तीळ भाजून घाला. ही बॅच सकाळी पहिली करा, कढई आणि मिक्सर धुतलेला हवा, नाहीतर आधीच्या मसाल्यातले दाणे मिसळतात. पाकिटावर घटक आणि तारीख छापा.

मग गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: तिथे स्वतः रांधणार की आयतं जेवणार?

समजा, एका ताईंचा नवरा दम्मामला चाललाय आणि खोलीवर चौघे मिळून स्वयंपाक करतात. त्यांची पेटी अशी भरा: कुळथाचं पीठ १ किलो, बिनखसखशीचा मसाला २५० ग्रॅम, आमसुलं २५० ग्रॅम, आंबापोळी ५०० ग्रॅम, काजू ५०० ग्रॅम. झाले अडीच किलो. यापेक्षा जास्त नको, विमानाच्या वजनात त्याचे कपडेही बसायचेत.

बोटीवर मात्र जेवण कुक बनवतो, त्यामुळे पीठ नुसतं पडून राहतं. तिथे आंबापोळी, फणसपोळी, काजू आणि तिळाचे लाडू द्या. काँट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं असतं, म्हणून लहान लहान पाकिटं करा. एक फोडलं तरी बाकीची हवाबंद राहतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेटीत ठेवू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमान कंपन्या ते अडवतात. तेलाचं लोणचं केबिन बॅगेत अडकतं, ते चेक-इनमध्येच जाऊ दे, तेही दोन पिशव्यांत सील करून. भेट म्हणून पॉवर बँक देत असाल तर उलटं, ती फक्त केबिन बॅगेत.

शेवटी पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा: "खसखस नाही". आणि ताईंना सांगा, घरी गेल्यावर सासूबाईंनी वरून अनारसे घातले तर आपली सगळी मेहनत फुकट!

तुमच्या मसाल्यात खसखस किती पडते, आज रेसिपी काढून बघा.