कॅमेरा खाली का ठेवत नाहीत?

मॉक्युमेंटरी माहितीपटाचा साचा उचलते, मुलाखती घेते आणि बहुधा हसवते. ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) हा तिचा ठळक नमुना. फाउंड फुटेजमध्ये मात्र कॅमेरा पात्रांच्याच हाती असतो आणि चित्रण नंतर सापडल्याचा बहाणा केलेला असतो. पण नुसत्या हलत्या चौकटीने खरेपणा येत नाही. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’साठी (१९९९) डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी मेरीलँडच्या जंगलात तीन नटांना सुमारे आठवडाभर फिरवले. चित्रण नटांनीच केले, संवाद बहुतांशी उत्स्फूर्त होते. सूचनांची चिठ्ठी प्रत्येकाला वेगळी मिळे आणि खाणेही दिवसेंदिवस कमी होत गेले, म्हणून त्यांची चिडचिड रचलेली वाटत नाही.

या चित्रपटाचे यश केवळ नटांना ‘बेपत्ता’ ठरवणाऱ्या पत्रकांच्या जाहिरातीचे, असा आक्षेप घेतला जातो. जाहिरातीने गर्दी जमवली, हे खरेच. पण बनाव ठाऊक असलेल्या प्रेक्षकालाही त्या भांडणांचा ताण जाणवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जीव धोक्यात असताना चित्रण कोण करील? इथे उत्तर चित्रपटातच आहे. कॅमेऱ्यातून पाहिलेले पूर्ण खरे वाटत नाही, म्हणून तिघांपैकी हीदर त्याला धरून राहते, असे तिचा साथीदार जोश तिला सुनावतो. सुमार अनुकरणांत असे कारण नसते, वर पार्श्वसंगीतही वाजते.