सात पौंड बारा औंस म्हणजे ७.१२ पौंड नव्हे

अमेरिकेतील रुग्णालयात बाळ जन्माला आले की काही मिनिटांतच त्याचे वजन आईवडिलांना सांगितले जाते, आणि ते बहुधा पौंड व औंस यांत. परिचारिका ‘सेव्हन ट्वेल्व्ह’ असे म्हणते आणि मराठी बापाच्या कानात तो क्षणभर ‘सातबारा’ होऊन वाजतो. थोड्या वेळाने पुण्याहून किंवा नाशिकहून आजीचा फोन येतो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती किलोचं आहे?’ बाप मोबाइलमधील कॅल्क्युलेटर उघडतो, ७.१२ ला ०.४५३६ ने गुणतो आणि सांगतो, ‘तीन किलो दोनशे तीस ग्रॅम.’ पुढे तोच आकडा बाळाच्या वाढीच्या तक्त्यात पहिला बिंदू म्हणून जाऊन बसतो.

उत्तर नीटनेटके आहे, नवजात बाळाला शोभणारे आहे, आणि चुकीचे आहे. सात पौंड बारा औंस म्हणजे ३,५१५ ग्रॅम. फरक थोडाथोडका नाही, २८५ ग्रॅमचा आहे. या चुकीचा खरा धोका असा की ती चूक म्हणून डोळ्यांत भरत नाही.

औंस हा आण्यासारखा

एका पौंडाचे औंस सोळा होतात, दहा नव्हे. म्हणून ‘सात पौंड बारा औंस’ यातील बारा हा आकडा दशांशचिन्हापुढे ठेवता येत नाही. मराठी माणसाला हे समजायला खरे तर अवघड जाऊ नये. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे होते आणि शेराचे सोळा छटाक. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पणजोबांना कोणी ‘सात रुपये बारा आणे’ म्हटले असते, तर त्यांनी ‘पावणेआठ’ असेच ऐकले असते. औंसांचेही तेच. चार औंस म्हणजे पाव पौंड, आठ म्हणजे अर्धा, बारा म्हणजे पाऊण. सात पौंड बारा औंसांचे बाळ पावणेआठ पौंडांचे असते. दशांशात लिहायचे तर ७.७५ पौंड.

चुकीची दिशाही लक्षात घेण्याजोगी आहे. औंस एक ते नऊ असतील, तर ते तसेच दशांशापुढे लिहिल्याने वजन वाढून दिसते. सात पौंड नऊ औंस हे ‘७.९’ केले, तर बाळ दीडशे ग्रॅमने जड होते. औंस दहा ते पंधरा असतील, तर उलट घडते आणि बाळ हलके होते. ‘७.१५’ असे लिहिलेले सात पौंड पंधरा औंसांचे बाळ प्रत्यक्षाहून साडेतीनशे ग्रॅमहून अधिक कमी भरते. म्हणजे आठ पौंडांना अवघा एक औंस कमी असलेले बाळ कागदावर सव्वासात पौंडांहूनही हलके ठरते.

रूपांतराची रीत

सर्वांत निर्धोक मार्ग असा: आधी सगळ्याचे औंस करावेत, मग औंसांचे ग्रॅम. पौंडांना सोळाने गुणावे आणि त्यात उरलेले औंस मिळवावेत. आपल्या उदाहरणात सात गुणिले सोळा म्हणजे ११२, अधिक १२, एकूण १२४ औंस. आता त्याला २८.३५ ने गुणावे. उत्तर ३,५१५.४ येते, ते ३,५१५ ग्रॅम, म्हणजेच ३.५१५ किलो.

२८.३५ हा आकडा अंदाजाचा नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आदी देशांनी १९५९ मध्ये एकमताने ठरवले की एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. त्याला सोळाने भागले की औंस २८.३४९५ ग्रॅमचा ठरतो. दोन दशांशस्थळे घेतली की नवजात बाळाच्या वजनात एका ग्रॅमचीही चूक राहत नाही.

मात्र इथे एक जवळची वाट फसवते. दुधाच्या बाटलीवर एका बाजूला औंस आणि दुसऱ्या बाजूला मिलिलिटर छापलेले असतात आणि तिथे एक औंस म्हणजे साधारण तीस मिलिलिटर धरला जातो. तो आकडा घरात सगळ्यांच्या तोंडी बसतो आणि मग वजनाचा औंसही तीस ग्रॅमचा मानला जातो. बाटलीवरचा औंस हे द्रवाचे आकारमान आहे, वजनाचा औंस वेगळा. १२४ औंसांना तीसने गुणले तर ३,७२० ग्रॅम येतात, म्हणजे बाळ दोनशे ग्रॅमने फुगते.

उत्तर पडताळायचे असेल तर दोन खुणा पुरतात. सात पौंड म्हणजे ३,१७५ ग्रॅम आणि आठ पौंड म्हणजे ३,६२९ ग्रॅम. सात पौंड बारा औंस या दोहोंच्या मध्ये, तेही पाऊण वाट संपल्यावर यायला हवे. ३,२३० हा आकडा सातच्या उंबरठ्यापाशीच घुटमळतो, यावरूनच शंका यावी.

चौथ्या दिवशी काय होते

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचे उत्तर पहिल्या आठवड्यात मिळते. जवळपास प्रत्येक नवजात बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत घटते. शरीरातील जादा पाणी बाहेर पडते, पहिली काळी शी होते आणि आईचे दूध पुरेसे उतरायला दोन-चार दिवस लागतात. हे स्वाभाविक आहे आणि बहुतेक बाळे दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परततात. परंतु घट सात टक्क्यांच्या पुढे सरकली की दूध नीट पोहोचते आहे का, हे डॉक्टर बारकाईने पाहू लागतात, आणि दहा टक्क्यांच्या आसपास गेली की ती चिंतेची बाब होते. ही टक्केवारी काढली जाते जन्मवजनावरून.

आता आपले बाळ घ्या. चौथ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे त्याचे वजन सात पौंड दोन औंस भरले. ११४ औंस, म्हणजे ३,२३२ ग्रॅम. खरे जन्मवजन ३,५१५ असल्याने घट २८३ ग्रॅमची, म्हणजे आठ टक्के झाली. घाबरण्याजोगे काही नसले, तरी दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. अशा वेळी डॉक्टर दिवसाला किती डायपर ओले होतात हे विचारतात, बाळ स्तनाला नीट लागते का ते पाहतात आणि एक-दोन दिवसांत पुन्हा वजनाला बोलावतात.

पण जन्मवजन ३,२३० नोंदवलेले असेल तर? मग चौथ्या दिवशी बाळ दोन ग्रॅमने वाढलेले दिसते! आठ टक्क्यांची घट कागदावरून नाहीशी होते. सात पौंड दोन औंस म्हणजे दशांशात ७.१२५ पौंड, हा योगायोग इथे घात करतो. अंगावरच्या दुधावरील बाळ चौथ्याच दिवशी जन्मवजनावर आलेले दिसले, तर आनंदाआधी नोंद तपासावी, कारण तसे क्वचितच होते.

उलटी चूकही निरुपद्रवी नाही. सात पौंड नऊ औंसांचे, म्हणजे ३,४३० ग्रॅमचे बाळ तिसऱ्या दिवशी बरोबर सात पौंडांवर आले, तर घट साडेसात टक्क्यांच्या आत असते. जन्मवजन ‘७.९’ धरून ३,५८३ ग्रॅम लिहिले असेल, तर तीच घट अकरा टक्क्यांहून अधिक दिसते. मग अंगावर पाजणाऱ्या आईला आपले दूध पुरत नाही असे वाटू लागते आणि गरज नसताना वरच्या दुधाचा डबा उघडला जातो.

तक्त्यावरचा पहिला बिंदू

अमेरिकेत दोन वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते वापरावेत, अशी तेथील रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, शिफारस आहे. भारतातही लहान मुलांसाठी हेच तक्ते आहेत. ज्या सहा देशांतील बालकांच्या वाढीवरून ते तयार झाले, त्यांत अमेरिका व भारत दोन्ही आहेत. त्यामुळे न्यू जर्सीत सुरू झालेली रेघ पुण्यातील डॉक्टर तशीच पुढे ओढू शकतात, फक्त आकडे किलोत हवेत. या तक्त्यावर मुलग्याच्या जन्मवजनाची मधली रेषा सुमारे ३.३ किलोवर आहे, मुलीची सुमारे ३.२ किलोवर. आपले बाळ मुलगा असेल तर खरा बिंदू मधल्या रेषेच्या वर पडतो आणि चुकीचा तिच्या खाली. पुढच्या महिन्याभराची चढण त्या आरंभावरूनच वाचली जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मात्र वेगळे तक्ते असतात. तिथे डॉक्टरच नोंद करतात ते बरे.

रूपांतर बरोबर केले तरी एक मर्यादा उरते. वजन पूर्ण औंसांत सांगताना अर्ध्या औंसापर्यंत, म्हणजे चौदा ग्रॅमपर्यंत, इकडेतिकडे झालेले असते. एरवी याने बिघडत नाही, पण सीमेवर बिघडते. २,५०० ग्रॅमहून कमी वजनाचे बाळ ‘कमी जन्मवजनाचे’ मानले जाते. नेमके २,५०० ग्रॅम भरलेले बाळ पालकांना ‘पाच पौंड आठ औंस’ म्हणून सांगितले जाते. ते आपण परत ग्रॅममध्ये आणले की २,४९५ येतात आणि बाळ विनाकारण सीमेच्या खाली उतरते.

म्हणून रूपांतर टाळता आले, तर तेच उत्तम. अमेरिकेतील जन्मनोंदणीच्या प्रमाणित नमुन्यातही वजन शक्यतो ग्रॅममध्येच मागितलेले असते. तेव्हा घरी जाण्याच्या दिवशी मिळणाऱ्या कागदांत ग्रॅमचा आकडा शोधावा. नसल्यास तो मागून घ्यावा. नंतरच्या भेटींत काट्याच्या पडद्यावर `lb` आणि `oz` ही दोन्ही अक्षरे आहेत की केवळ `lb`, हे पाहावे. दोन्ही असतील तर पुढचा आकडा औंसांचा आहे. एकटे `lb` असेल तर तो दशांश आहे आणि त्याला थेट ४५३.६ ने गुणायला हरकत नाही. मोबाइलमधील तक्त्यात वजनासाठी एकच चौकट असेल, तर तिच्यात ७.१२ नव्हे, ७.७५ भरावे.

आणि आजीला फोनवर सांगायचे ते इतकेच: ‘पावणेआठ पौंड, म्हणजे साडेतीन किलोला थोडं वर.’