बराक सारखी, सुरुवात वेगळी

न्यायाच्या कल्पना : भाग ६

उल्हासनगरबद्दल एक वाक्य लोकलमध्ये मी अनेकदा ऐकलं आहे. ‘सगळे नेसत्या वस्त्रांनिशी आले, सगळ्यांना एकच बराक मिळाली, ज्यांनी कष्ट केले ते वर गेले.’ संधीच्या समतेची बाजू याहून थोडक्यात सांगता येणार नाही. सुरुवात सारखी असेल, तर शेवटी पडलेलं अंतर न्याय्यच मानायचं. निकालाच्या समतेची बाजू घेणारा मात्र त्या अंतराकडेच बोट दाखवतो. मागच्या भागात हे दोन पक्ष पाहिले. आज ते कॅम्पात तपासू.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं गेलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. बराकी खरोखर सारख्या होत्या. पण एका बराकीतली दोन कुटुंबं डोळ्यांसमोर आणा. एकाचा मेव्हणा मुंबईच्या कापडबाजारात आधीपासून होता; त्याच्या शब्दावर माल उधार मिळायचा. दुसरा सिंधमध्ये कुणाच्या तरी दुकानात नोकर होता. हात दोघांचे रिकामे, पण बाजारात पत एकाचीच. ती सामानात बांधून आणावी लागत नाही, म्हणून मोजणाऱ्याला दिसत नाही.

सरकारलाही हा प्रश्न सुटला नव्हता. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून भरपाई देण्यासाठी 1954 चा कायदा झाला. मोठ्या दाव्याला छोट्या दाव्यापेक्षा कमी टक्के भरपाई, असं त्यातलं सूत्र होतं. हेच तत्त्व पूर्व पंजाबातल्या जमीनवाटपात आधीच वापरलं गेलं होतं, आणि तिथले आकडे बोलके आहेत. दाव्यातल्या पहिल्या 10 एकरांवर 25 टक्के कपात, 10 ते 30 एकरांवर 30 टक्के, आणि पुढे चढत जाऊन 500 एकरांवरच्या हिश्शाला 95 टक्के. म्हणजे 10 एकरवाल्याला साडेसात एकर मिळाले, 30 एकरवाल्याला साडेएकवीस. हा निर्णय मला प्रामाणिक वाटतो. हरवलेलं सगळं परत देणं शक्य नव्हतं, सगळ्यांना सारखं देणंही पटणारं नव्हतं. सरकारने अंतर ठेवलं, पण आवळलं. दुकानातल्या नोकराला मात्र यातलं काहीच नाही. त्याचा दावाच नव्हता.

मग सुरुवात खरंच सारखी होती का, हे ओळखायचं कसं? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन रोमर यांनी 1998 च्या पुस्तकात एक कसोटी मांडली. आयुष्यातल्या यशाची कारणं दोन भागांत वाटायची : माणसाच्या हातात नसलेली परिस्थिती आणि त्याचे स्वतःचे प्रयत्न. सारख्या परिस्थितीतल्या मुलांचा एक गट करायचा आणि प्रत्येकाचे प्रयत्न त्याच्याच गटात जोखायचे. समजा, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या एका खोलीत वाढणारी मुलगी रोज दोन तास अभ्यास करते, आणि तिच्यासारख्या घरांतल्या बहुतेक मुलांना एकच तास मिळतो. बदलापुरात स्वतंत्र खोली असलेला मुलगा चार तास बसतो. त्याच्या गटात तीन तास सर्रास. दोघंही आपापल्या गटात सारखीच पुढे असतील, तर दोघांचे प्रयत्न सारखे धरायचे. तरीही दहावीनंतरच्या वाटा सतत वेगळ्या पडत असतील, तर दोष संधीत आहे.

निकाल इथे गाठायचं उद्दिष्ट नसतो, तपासणीचा पुरावा असतो. माझं मत याच बाजूचं आहे. निकाल पाहायचाच नाही असं ठरवलं, तर सगळ्यांना एकच बराक दिल्यावर समता पूर्ण झाली असं कुणीही म्हणू शकतं.

पण कसोटीलाही मर्यादा आहे. परिस्थितीत काय काय मोजायचं? घर, आईचं शिक्षण, भाषा, पाण्याची वेळ इथपर्यंत सहज जाता येतं. चिकाटीसुद्धा घरातूनच येते, असं जॉन रॉल्स म्हणाले होते. ते पूर्ण मान्य केलं, तर प्रयत्नांच्या खात्यात काहीच उरत नाही आणि संधीची समता चालत चालत निकालाच्या समतेपाशी जाऊन पोचते. रेघ कुठे ओढायची हे गणित ठरवत नाही. ते समाजाला ठरवावं लागतं आणि दर पिढीला नव्याने. कारण एका पिढीचा निकाल ही पुढच्या पिढीची सुरुवात असते. कापडवाल्याच्या नातवाला दुकान मिळतं, नोकराच्या नातवाला नोकरी शोधावी लागते.

आज त्याच कॅम्पांत जीन्स शिवणारे अनेक कारागीर परप्रांतांतून, एका पिशवीनिशी आलेले आहेत. त्यांना मजुरी नगावर मिळते. त्यांच्यासाठी बराक नाही, आणि भरपाईचा दावा नोंदवायला खिडकीही नाही.