सहा महिन्यांची उसंत

समजा, जुन्या कार्डावर ६०,००० रुपये थकलेत. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याजच २,१०० होतं. दुसरी बँक म्हणते, बाकी आमच्याकडे आणा, सहा महिने व्याज शून्य. प्रोसेसिंग फी दोन टक्के, म्हणजे १,२००, त्यावर जीएसटी २१६. एकूण १,४१६ रुपये. एका महिन्याच्या व्याजाहून कमीच. दरमहा १०,००० भरले तर सौदा फायद्याचा.

पण बिलावरचा ‘मिनिमम ड्यू’ हा आकडा मोठा गोड असतो. पाच टक्केच भरत राहिलात, तर सहा महिन्यांनी सुमारे ४४,००० उरतात आणि त्यांवर नव्या कार्डाचा नेहमीचा दर सुरू होतो. शिवाय बाकी फिटेपर्यंत त्या कार्डावरच्या नव्या खरेदीला बहुधा बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.