सर्व्हर हलवण्याआधी दुधाचं बिल वाचा

एक मध्यम आकाराचा दूध संघ डोळ्यांपुढे आणा. ५०० गावांत संकलन केंद्रं, ४० हजार उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं आणि दर दहा दिवसांनी बिल. मुख्य कार्यालयाच्या ईडीपी विभागात, एसीच्या खोलीत एक सर्व्हर आहे. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, एसक्यूएल सर्व्हर आणि गावातल्याच कुणीतरी लिहून दिलेलं, वर्षानुवर्षं ठिगळं लावत आणलेलं दूध-हिशेबाचं सॉफ्टवेअर. संघ माझ्या कल्पनेतला असला, तरी त्यातली एकेक अडचण या कामात असलेल्या माणसांच्या ओळखीची आहे.

त्या विंडोजचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. सर्व्हरची वॉरंटी त्याआधीच संपली होती. नवा सर्व्हर घ्यायचा की क्लाउडवर जायचं, हा विषय संचालक मंडळापुढे येतो. मंडळ ‘क्लाउड’ म्हणतं आणि बैठक संपते. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, कारण क्लाउडवर जाण्याचे रस्ते अनेक आहेत. गार्टनर या सल्लागार संस्थेने २०१० साली पाच सांगितले, पुढे अ‍ॅमेझॉनच्या मंडळींनी ते सहावर नेले. रोजच्या व्यवहारात मात्र वाद तिघांभोवतीच फिरतो. रीहोस्ट म्हणजे आहे तो सर्व्हर जसाच्या तसा उचलून क्लाउडमधल्या आभासी मशीनवर ठेवणं. रीप्लॅटफॉर्म म्हणजे सॉफ्टवेअर तेच ठेवून त्याखालचा एखादा थर बदलणं, उदाहरणार्थ स्वतः सांभाळायच्या डेटाबेसऐवजी क्लाउड कंपनीने सांभाळलेला डेटाबेस घेणं. रीफॅक्टर म्हणजे सॉफ्टवेअरची रचनाच बदलून ते नव्या पद्धतीने लिहिणं.

संपूर्ण सॉफ्टवेअरसाठी या तिघांतला एक निवडायचा, असा समज असतो. माझ्या मते तिथेच नियोजन चुकतं. निवड तुकड्यातुकड्याने करायची असते आणि कोणता तुकडा कुठे जाणार हे त्या तुकड्याच्या वागण्यावरून ठरतं.

रीहोस्ट सर्वांत सोपं म्हणून विकलं जातं. सर्व्हरची हुबेहूब प्रत क्लाउडमध्ये उभी करणारी साधनं आहेत आणि ती चांगलं काम करतात. पण आपल्या संघात हिशेबनीस ज्या संगणकावर बसतो, त्यावरचा प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोलतो. एका केंद्राचं खातं उघडलं की तो प्रोग्रॅम एकच मोठा प्रश्न विचारत नाही. या सभासदाचं दूध किती, त्याची पशुखाद्याची कपात किती, अ‍ॅडव्हान्स किती, मग पुढचा सभासद, असे चारशे छोटे प्रश्न एकामागून एक विचारतो. सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना एका प्रश्नाची फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते आणि चारशे फेऱ्या ०.२ सेकंदात उरकतात. तोच डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेला आणि एका फेरीला ३० मिलिसेकंद लागले, तर तीच खिडकी उघडायला १२ सेकंद लागतात. इंटरनेटचा वेग दुप्पट करूनही यात फारसा फरक पडत नाही, कारण अडचण फेऱ्यांच्या संख्येची असते, नळीच्या रुंदीची नव्हे.

हे हलवण्याआधी तपासता येतं आणि ते जवळपास फुकट आहे. कार्यालयातले संगणक आणि डेटाबेस यांच्या मधल्या वाटेवर एक लिनक्स मशीन ठेवायचं आणि त्यावर मुद्दाम उशीर घालायचा:

```
sudo tc qdisc add dev eth0 root netem delay 30ms
```

मग हिशेबनिसांना दिवसभर त्यावर नेहमीचं काम करू द्यायचं. दुपारपर्यंत त्यांच्या तोंडून जे बाहेर पडेल, तोच तुमचा अहवाल. खिडक्या रखडल्या, तर नुसता डेटाबेस हलवून भागणार नाही. तो प्रोग्रॅमही क्लाउडमध्ये, डेटाबेसच्या शेजारी ठेवायचा आणि कार्यालयातून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करायचं. मग चारशे फेऱ्या तिकडच्या तिकडेच होतात, इंटरनेटवरून फक्त पडद्यावरचं चित्र येतं. हेही रीहोस्टच, फक्त थोडं शहाणपणाने केलेलं.

खर्चाचं एक सांगून टाकतो. जुना सर्व्हर १६ कोअरचा म्हणून क्लाउडमध्येही १६ कोअर घेतले, तर महिन्याचे सुमारे ७३० तास त्या सगळ्यांचं भाडं चालू राहतं. त्यामुळे आधी वापर मोजायचा, आणि निदान पूर्ण महिनाभर मोजायचा, म्हणजे तीन बिलं त्यात येतात. सरासरीवर जाऊ नये. एरवी दिवसभर डुलक्या घेणारा हा सर्व्हर बिलाच्या रात्री घामाघूम होतो.

रीहोस्ट करून एक-दोन बिलं सुरळीत गेली की रीप्लॅटफॉर्मचा विचार करावा. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर दोष जागेच्या बदलाचा की डेटाबेसच्या, हे शोधण्यात रात्र जाते. डेटाबेस कंपनीने सांभाळलेल्या सेवेत नेला की बॅकअप, पॅच आणि बंद पडला तर दुसरा उभा करणं, ही कटकट ईडीपीच्या डोक्यावरून उतरते. त्या बदल्यात खालच्या विंडोजपर्यंत हात पोहोचत नाही, आणि जुन्या सॉफ्टवेअरचे हात नेमके तिथेच गुंतलेले असतात. आपल्या संघात बिल झालं की उत्पादकांच्या खात्यात पैसे जमा करायची फाइल डेटाबेसच स्वतः तयार करून `D:\BankFiles` मध्ये टाकतो, त्यासाठी `xp_cmdshell` वापरतो. सांभाळलेल्या सेवांमध्ये हा दरवाजा बंद असतो. त्यामुळे फाइल बनवण्याचं काम वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमकडे द्यावं लागतं. असे गुंते शोधायला कागदपत्रं उपयोगी पडत नाहीत, कारण बहुधा ती नसतातच. डेटाबेसमधल्या प्रोसीजरचा सगळा मजकूर काढून त्यात `xp_`, `D:\` आणि `192.168.` शोधलं, तर बरंच काही हाती लागतं.

त्याच मजकुरात `GETDATE()` सुद्धा शोधावं. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लबाड चूक हीच वाटते. रीहोस्टमध्ये विंडोजची प्रतच गेलेली असल्यामुळे घड्याळ भारतीय वेळेवर राहतं आणि चूक दिसतच नाही. सांभाळलेल्या डेटाबेसचं घड्याळ मात्र आपण वेगळं सांगितलं नाही, तर सहसा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. केंद्राकडून आलेल्या नोंदीला तारीख सर्व्हर लावत असेल, तर ११ तारखेला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी आलेलं दूध १० तारखेच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांचं म्हणून जमा होतं. साडेपाचनंतर आलेल्या दुधाची तारीख बरोबर पडते. म्हणजे एकाच केंद्रावर, एकाच सत्रात, रांगेत पुढे उभ्या असलेल्यांचं दूध मागच्या बिलात आणि मागच्यांचं पुढच्या बिलात. एकूण लिटर जुळतात, त्यामुळे संघपातळीवर कुणाला शंका येत नाही. बोंब होते ती केंद्राच्या सचिवापुढे, उत्पादकाने स्वतःच्या वहीशी बिल ताडून पाहिल्यावर. काही सेवांमध्ये टाइम झोन निवडता येतो, पण फक्त डेटाबेस नव्याने उभा करताना, नंतर बदलत नाही. म्हणून तपासणीत एक नोंद मुद्दाम पहाटे सव्वापाचची घालावी.

आता रीफॅक्टर. हा शब्द ऐकला की नेटफ्लिक्सचा दाखला हमखास येतो. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी आहे ते उचलून नेण्याऐवजी जवळपास सगळं नव्याने रचलं, आणि ते काम जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झालं. सात वर्षं आणि इंजिनिअरांची फौज. दूध संघाच्या ईडीपीत तीन माणसं असतात आणि त्यातला एक प्रिंटर दुरुस्तीला गेलेला असतो.

म्हणून इथे पुन्हा लिहायला एकच तुकडा निवडावा. सगळ्यांच्या मनात आधी बिलाची रात्र येते. ४० हजार उत्पादक, दहा दिवस, दोन सत्रं, म्हणजे ८ लाख नोंदी. पण आत डोकावलं तर बऱ्याचदा असं दिसतं, की प्रोग्रॅम एकेक नोंद उचलून दरपत्रकात फॅट आणि एसएनएफचा दर शोधतो आहे. दोन्ही टेबलं जोडून एकाच क्वेरीत तो दर काढला, तर तासांचं काम मिनिटांवर येऊ शकतं. त्यासाठी रीफॅक्टरचा मोठा प्रकल्प लागत नाही, एसक्यूएल नीट येणारा एक माणूस पुरतो.

खरी गरज संकलनाच्या नोंदी घेणाऱ्या भागाला आहे. सकाळी दीड-दोन तासांत ५०० केंद्रं एकदम नोंदी पाठवतात. डेटाबेस क्षणभर अडकला की केंद्राचं यंत्र ताटकळतं आणि रांगही. हा भाग वेगळा काढून मध्ये एक संदेश-रांग ठेवली, तर केंद्राला ‘मिळालं’ एवढं उत्तर लगेच जातं आणि डेटाबेस आपल्या गतीने नोंदी उतरवून घेतो. इथे सांभाळायचं ते दुबार नोंदीला. नोंद पोहोचली, पण उत्तर परत येताना रेंज गेली, तर केंद्र तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि एका म्हशीचं दूध दोनदा लागतं. केंद्र क्रमांक, तारीख, सत्र, सभासद क्रमांक आणि यंत्राने दिलेला अनुक्रमांक यांची मिळून एकच खूण असावी आणि तीच खूण दुसऱ्यांदा आली तर ती मुकाट्याने सोडून द्यावी.

राहिला बदलाचा मुहूर्त. १, ११ आणि २१ या तारखांच्या आसपास हात लावायचा नाही. संध्याकाळचं सत्र संपून सकाळचं सुरू होईपर्यंत सातेक तास मिळतात. ३०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला ३३ तासांहून जास्त लागतात, म्हणजे त्या रात्री सगळं पाठवणं शक्यच नाही. त्यामुळे पूर्ण बॅकअप चार-पाच दिवस आधी वर चढवायचा, नंतर फक्त बदलांचे लॉग पाठवत राहायचं आणि त्या रात्री शेवटचा लॉग. मग केंद्रनिहाय लिटर, फॅटचे किलो आणि रक्कम दोन्हीकडे काढून पैशापर्यंत जुळवायची. परतीचा निर्णयही घड्याळ लावून आधीच ठरवावा. पहाटे चारपर्यंत जुळलं नाही, तर जुन्याच सर्व्हरवर सत्र सुरू. एकदा सकाळच्या नोंदी नव्या ठिकाणी पडायला लागल्या, की परत फिरणं म्हणजे त्या नोंदी हाताने मागे आणणं.

आणि शेवटचा लॉग निघाला की जुना डेटाबेस बंद न करता फक्त वाचण्यापुरता ठेवायचा:

```
ALTER DATABASE DudhHishob SET READ_ONLY
WITH ROLLBACK IMMEDIATE;
```

कारण चाळीस संगणकांपैकी एखाद्याच्या सेटिंगमध्ये `192.168.1.10` तसंच राहिलेलं असतं, आणि तो बहुधा पशुखाद्याच्या गोदामातला असतो. जुना डेटाबेस लिहून घेत राहिला, तर तिथल्या उधारीच्या नोंदी मेलेल्या सर्व्हरवर साठत जातात आणि कपात न होताच बिल निघतं. वाचण्यापुरता ठेवला, तर पहिल्याच पोत्याला पडद्यावर एरर येतो आणि गोदामातून ईडीपीला फोन जातो.