विखुरलेल्या बिंदूंतून पायची किंमत

एक एकक बाजूचा चौरस काढून त्याच्या एका कोपऱ्यावर कंपासचे टोक ठेवले आणि एक एकक त्रिज्येचा कंस मारला, की चौरसात पाव वर्तुळ तयार होते. चौरसाचे क्षेत्रफळ १ आणि पाव वर्तुळाचे पाय (π) भागिले ४, म्हणजे सुमारे ०.७८५४. आता या चौरसात कुठल्याही भागाला झुकते माप न देता बिंदू टाकत गेले, तर एखादा बिंदू कंसाच्या आत पडण्याची शक्यता नेमकी या क्षेत्रफळाइतकी असते. म्हणून आत पडलेले बिंदू मोजायचे, त्यांना एकूण बिंदूंच्या संख्येने भागायचे आणि उत्तराला ४ ने गुणायचे. हाती येते ती पायची अंदाजी किंमत.

बिंदू टाकायचा म्हणजे ० ते १ च्या दरम्यानच्या दोन संख्या निवडायच्या: एक आडवे अंतर x, दुसरे उभे अंतर y. बिंदू आत आहे की बाहेर हे पायथागोरसचा सिद्धांत सांगतो. x² + y² ची बेरीज १ किंवा त्याहून कमी असेल तर बिंदू आत. उदाहरणार्थ ०.६२ आणि ०.३५ या जोडीच्या वर्गांची बेरीज ०.५०६९ येते, हा बिंदू आत पडला. ०.९१ आणि ०.७८ यांची १.४३६५ येते, तो बाहेर गेला. ०.८० आणि ०.५९ यांची ०.९८८१ म्हणजे कंसाला जवळजवळ चिकटून, पण आतच. कर्कटकाची गरज नाही, पाय आधी माहीत असण्याचीही गरज नाही. गुणाकार, बेरीज आणि मोजणी एवढेच पुरते.

१०० बिंदू टाकले तर सरासरीने ७८ ते ७९ आत पडायला हवेत. प्रत्यक्षात कधी ७४ पडतील, कधी ८२. एक बिंदू इकडचा तिकडे झाला की उत्तर ०.०४ ने हलते. त्यामुळे १०० बिंदूंतून ३.१२ मिळू शकते, ३.१६ मिळू शकते, पण शाळेत पाठ केलेले ३.१४ कधीच मिळू शकत नाही. उत्तराच्या पायऱ्याच इतक्या मोठ्या आहेत. बिंदू वाढवले की पायऱ्या लहान होतात हे उघड आहे. उत्तर किती वेगाने सुधारते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि तिथेच या पद्धतीचे खरे मर्म आहे.

अनेकांची अशी समजूत असते की बिंदू वाढत गेले की आधी झालेली चूक पुढे भरून निघते. तसे होत नाही. पुढच्या बिंदूला मागच्या बिंदूंची आठवण नसते. सुरुवातीला आतले बिंदू जास्त पडले असतील, तर पुढे बाहेरचे बिंदू जास्त पडून हिशेब चुकता होण्याचे काहीच कारण नाही. आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. १०० बिंदूंत आतल्या बिंदूंची संख्या अपेक्षेपेक्षा साधारण ४ ने मागे-पुढे होते. १०,००० बिंदूंत अपेक्षित संख्या ७,८५४ आणि मागे-पुढे होणे साधारण ४१. १० लाख बिंदूंत अपेक्षित ७,८५,३९८ आणि मागे-पुढे होणे साधारण ४११. म्हणजे मोजणीतला फरक कमी होत नाही, उलट वाढतो. पण बिंदू १०० पट झाले तेव्हा फरक फक्त १० पट वाढला. त्या फरकाला एकूण संख्येने भागले, की चूक १० पट लहान दिसते.

असे का, याचे कारण फार खोल नाही. प्रत्येक बिंदू अपेक्षित वाट्यापेक्षा थोडे अधिक किंवा थोडे उणे देतो. हे अधिक-उणे एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने बरेचसे आपसांत खोडले जातात, मात्र पूर्ण खोडले जात नाहीत. संख्याशास्त्राच्या भाषेत, स्वतंत्र राशींची बेरीज करताना त्यांच्या विचलनांचे वर्ग मिळवले जातात. म्हणून एकूण विचलन बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणात न वाढता तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. इथे एका बिंदूचे विचलन ०.७८५४ गुणिले ०.२१४६ याचे वर्गमूळ, म्हणजे ०.४१०५ इतके आहे. शेवटी ४ ने गुणायचे असल्याने ते १.६४२ होते. यावरून सगळा नियम एका ओळीत मांडता येतो: पायच्या अंदाजातली प्रमाण त्रुटी म्हणजे १.६४२ भागिले बिंदूंच्या संख्येचे वर्गमूळ. १०० बिंदूंना ०.१६, १०,००० बिंदूंना ०.०१६, १० लाखांना ०.००१६. दशांश चिन्हानंतरचा एक जास्तीचा अंक विश्वासार्ह करायचा, तर दरवेळी काम १०० पट करावे लागते.

प्रमाण त्रुटी ही चुकीची कमाल मर्यादा नव्हे. साधारण तीनपैकी दोन वेळा उत्तर तिच्या आत राहते आणि तिच्या दुपटीच्या आत ९५ टक्के वेळा. शिवाय खरा पाय माहीत नसला तरी ती काढता येते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. समजा १०,००० बिंदूंपैकी ७,८१२ आत पडले. अंदाज ३.१२४८. त्याच आकड्यांवरून ०.७८१२ गुणिले ०.२१८८ याचे वर्गमूळ ०.४१३४, ते ४ ने गुणून आणि १०,००० च्या वर्गमूळाने म्हणजे १०० ने भागून ०.०१६५. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे लिहायचे: पाय बहुधा ३.०९ आणि ३.१६ यांच्या दरम्यान आहे. ३.१२४८ मधले शेवटचे दोन अंक निव्वळ योगायोगाचे आहेत, ते लिहिणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणे.

या गतीची किंमत किती, हे ‘लीलावती’तल्या दोन आकड्यांशी ताडून पाहण्यासारखे आहे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात भास्कराचार्यांनी परीघ काढण्यासाठी दोन गुणोत्तरे दिली: व्यवहारासाठी स्थूल असे २२/७ आणि सूक्ष्म असे ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. २२/७ मधली चूक सुमारे ०.००१२६ आहे. बिंदू विखरून प्रमाण त्रुटी तेवढी खाली आणायला सुमारे १७ लाख बिंदू लागतात. ३.१४१६ मधली चूक ०.०००००७ हून जराशी जास्त आहे. तिची बरोबरी करायला सुमारे ५,००० कोटी बिंदू टाकावे लागतील. आजचा संगणक तेही करील, पण पाय काढण्याचा हा मार्ग म्हणून कुणी सुचवणार नाही.

मग थोड्याच बिंदूंत फार अचूक उत्तर मिळाल्याचे कुणी सांगितले, तर काय समजावे? ४५२ बिंदू टाकले आणि त्यांतले ३५५ आत पडले असे धरू. ४ गुणिले ३५५ भागिले ४५२ याचे उत्तर ३.१४१५९२९ येते, सहा दशांश स्थळांपर्यंत जवळपास बिनचूक. असे साधारण २२ वेळांतून एकदा घडतेच. पण ३५५ ऐवजी ३५४ पडले असते तर उत्तर ३.१३२७ आले असते. ४५२ बिंदूंची प्रमाण त्रुटी ०.०८ च्या जवळ आहे, हे कळले की सहा अंकांचा तो मेळ पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. इतिहासात असे घडले आहे. फ्रान्समधल्या ब्यूफाँने १७७७ मध्ये मांडलेल्या प्रयोगात समांतर रेषांवर सुई टाकून ती किती वेळा रेषेला छेदते हे मोजतात आणि त्यावरून पाय काढतात. इटलीच्या लाझारिनी यांनी १९०१ मध्ये ३,४०८ वेळा सुई टाकून १,८०८ छेद मिळाल्याचे जाहीर केले. त्यातून नेमके ३५५/११३, म्हणजे तेच ३.१४१५९२९ निघते. त्या प्रयोगाची अपेक्षित त्रुटी ०.०५ होती आणि एक छेद जास्त मिळाला असता तर उत्तर ३.१३९९ झाले असते. सोयीच्या क्षणी प्रयोग थांबवला, किंवा आकडे जुळवले, एवढेच त्यातून म्हणता येते. अपेक्षित त्रुटीपेक्षा हजारो पट चांगले उत्तर हे कौतुकाचे नव्हे, शंकेचे कारण असते.

दुसरा धोका याच्या उलट आहे आणि जास्त फसवा आहे. वर्गमूळाचा नियम गृहीत धरतो की बिंदू खरोखर सगळीकडे सारख्या शक्यतेने पडतात. समजा संख्या एकाच दशांश अंकाच्या घेतल्या: ०.०, ०.१, ०.२ पासून ०.९ पर्यंत. मग चौरसात फक्त १०० जागा उरतात आणि मोजून पाहिले तर त्यांतल्या ८८ कंसाच्या आत किंवा कंसावर येतात. कितीही बिंदू टाका, उत्तर ३.५२ कडेच जाणार. दोन अंकांच्या संख्या घेतल्या तर जागा १०,००० होतात, आत ७,९५३ येतात आणि उत्तर ३.१८१२ वर स्थिरावते. कारण साधे आहे. पुढचे अंक छाटल्यामुळे प्रत्येक बिंदू किंचित कोपऱ्याकडे, म्हणजे वर्तुळाच्या आतल्या बाजूला सरकतो. दोन अंकांमुळे येणारा हा ०.०४ चा कल १०० बिंदूंत दिसतच नाही, कारण तिथे नुसत्या योगायोगाचीच चूक ०.१६ आहे. १०,००० बिंदूंवर तो प्रमाण त्रुटीच्या दुपटीहून मोठा झालेला असतो आणि १० लाखांवर चुकीचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने, लहानशा त्रुटीसह समोर येते. नमुना वाढवून योगायोगाची चूक घटते, कल घटत नाही. तो दूर करायचा तर प्रत्येक संख्येत ०.००५ मिळवून बिंदू आपापल्या घराच्या मध्यावर आणावा, किंवा जास्त अंकांच्या संख्या घ्याव्यात.

चूक घटवण्याचा एक मार्ग बिंदू न वाढवताही सापडतो. चौरसाचे १०० गुणिले १०० असे १०,००० लहान चौकोन करावेत आणि प्रत्येकात एकच बिंदू, त्या चौकोनापुरता यादृच्छिक, टाकावा. जे चौकोन पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर आहेत त्यांच्यात योगायोगाला वावच नाही. अनिश्चितता उरते ती कंस ज्यांच्यातून जातो त्या जेमतेम २०० चौकोनांत. त्यामुळे मोजणीतला फरक ४१ वरून ७ च्या आत येतो आणि पायमधली त्रुटी ०.०१६ वरून ०.००३ च्या खाली. तेवढ्याच बिंदूंत सहा पट सुधारणा, केवळ मांडणीमुळे.

असे चौकोन पाडणे सपाट कागदावर सोपे आहे. दहा चल राशींचा प्रश्न असेल आणि प्रत्येकीचे १० भाग केले, तर घरांची संख्या १,००० कोटी होते आणि ही युक्ती हातची जाते. निव्वळ यादृच्छिक बिंदूंच्या त्रुटीत मात्र राशी किती आहेत याचा आकडा कुठेच येत नाही. दोन असोत की दहा, भागायचे असते ते बिंदूंच्या संख्येच्या वर्गमूळानेच. १९४६ नंतर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथे स्टानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमान यांनी या पद्धतीकडे वळण्याचे कारण हेच होते. न्यूट्रॉन पदार्थातून जाताना कुठे आदळेल, कुठे वळेल, कुठे शोषला जाईल, या प्रत्येक टप्प्याला एक नवी राशी वाढते आणि चौकटी आखून असा हिशेब पुरा होत नाही. निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी १९४९ मध्ये ही पद्धत ‘माँटे कार्लो’ या नावाने छापून प्रसिद्ध केली.